‘नको’चा अर्थ कितव्यांदा लागतो?

आपल्या वऱ्हाडात जेवायला बसलेल्या पाहुणीनं ताटावर आडवा हात धरला आणि ‘नको वं बाई, पोट भरलं’ म्हटलं, तर वाढणारी बाई काय करते? ती हाताकडे बघतच नाही, चेहऱ्याकडे बघते. ‘अर्धी तरी घ्या नं जी’ म्हणत पोळी पुढे करते. दुसऱ्यांदा ‘नको’ आलं तरी ती हलत नाही. तिसऱ्यांदा मात्र पाहुणीनं ताट मागे ओढलं किंवा ताटातच हात धुवायला घेतला, की वाढणारीला कळतं, आता खरंच पुरे. हा हिशेब आपल्याला कोणी शिकवलेला नाही. आईच्या मागे मागे भाजीचं पातेलं घेऊन फिरताना तो आपोआप अंगात भिनला.

आता हेच सगळं परक्या भाषेत घडलं तर? पाहुणी म्हणाली ‘नो, थँक यू’. इंग्रजी पुस्तकात त्याचा अर्थ सरळ आहे. नको म्हणजे नको. मग समोरची पाहुणी पुस्तकातलं इंग्रजी बोलतेय, की इंग्रजी शब्दांत आपल्या आईची भाषा बोलतेय, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न कुणाला पडला असेल, तर पुण्यात शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलींना. 2000 नंतरच्या दशकात पुण्याच्या कॉलेजांमध्ये इराणहून आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येनं होते. एकाच वर्गात, एकाच इमारतीत वाशीम-अकोल्याच्या मुली आणि तेहरान-शिराझच्या मुली. त्यांना मराठी येत नाही, यांना फारसी येत नाही. मधे पूल एकच, तोडकंमोडकं इंग्रजी. आणि इराणी माणसाच्या बोलण्यात एक मोठी रीत असते, जी इंग्रजीत आली की तिचे शब्द तेवढे येतात, अर्थ मागेच राहतो. त्या रीतीचं नाव आहे ‘तआरोफ’.

‘आपकी तारीफ?’

नाव अवघड वाटेल, पण ओळखीचं आहे. हिंदी सिनेमात कुणी अनोळखी माणूस आला की विचारतात, ‘आपकी तारीफ?’ म्हणजे आपण कोण? आपल्या गावातल्या उर्दू बोलणाऱ्या शेजारणीला विचारलं तर ती सांगेल, ‘तआरुफ’ म्हणजे ओळख करून देणं. दोन्ही शब्द मूळ अरबी आणि एकाच कुळातले. इराणात मात्र या शब्दाचा अर्थ पुढे सरकला. तिथे तआरोफ म्हणजे समोरच्याला मान देण्यासाठी केलेला आग्रह आणि तितक्याच मानानं दिलेला नकार. आपण ‘फॉर्मॅलिटी करू नका’ म्हणतो, तिथे ते म्हणतात, ‘तआरोफ नकोन’. तआरोफ करू नकोस.

विल्यम बीमन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं इराणी लोकांच्या बोलण्यावर 1986 साली एक पुस्तक लिहिलं. त्यानं या रीतीचं मर्म असं सांगितलं, की यात प्रत्येक जण स्वतःला खाली आणि समोरच्याला वर बसवायची धडपड करतो. दारातून आत जायचं तरी दोघी एकमेकींना ‘बेफरमाईद’ म्हणत उभ्या राहतात. हा शब्दही आपल्या घरचाच. फर्मान, फर्माइश हे शब्द ज्या क्रियापदातून आले, त्यातलाच हा. शब्दशः अर्थ ‘आज्ञा करा’, पण वापर ‘या’, ‘बसा’, ‘घ्या’ अशा सगळ्याला होतो. अगदी आपल्या ‘घ्या नं जी’सारखा.

फारसी आपल्याला इतकी जवळची वाटते याला कारण आहे. अकबराच्या काळात अबुल फजलनं फारसीत लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून ‘बासीम’ची नोंद आहे. तेच आपलं वाशीम. पुढे निजामाचा अंमल आला. त्या काळात सरकार-दरबारची भाषा फारसी होती. नोकर, चाकर, चष्मा, दस्तऐवज, पेशवा हे शब्द फारसीतून मराठीत येऊन मुरले ते असे. कवी माधव जूलियन यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश काढला, तो उघडला की पानोपानी ओळखीची माणसं भेटल्यासारखं होतं. पण मैत्रिणींनो, शब्द ओळखीचे म्हणून रीतही तीच, असं मात्र नाही.

रिसोडची आणि शिराझची

आता समजा, पुण्यात एका इमारतीत समोरासमोरच्या खोल्यांत दोन मुली राहतात. एक रिसोडची, एक शिराझची. नावं नकोत, गावावरूनच ओळखू.

शिराझची पहिल्यांदा हिला चहाला बोलावते. चहा बिनदुधाचा, सोबत साखरेचे खडे, पिस्ते, फळं, आणि फळांच्याच ताटात चक्क काकड्या. शिराझची म्हणते, ‘प्लीज’. रिसोडची संकोचानं म्हणते, ‘नो, थँक यू’. इथपर्यंत अडचण नाही. दोघींचीही पहिली ‘नको’ खोटीच असते. शिराझची पुन्हा म्हणते, ही पुन्हा ‘नको’ म्हणते, तिसऱ्यांदा ती स्वतःच काकडी सोलून, मीठ लावून हिच्या बशीत ठेवते. ही खाते. दोघी खूश. आपला आग्रह आणि त्यांचा तआरोफ इथे मापात माप बसतो.

घोटाळा पुढे होतो. रिसोडच्या मुलीची नजर तिच्या गळ्यातल्या रेशमी ओढणीवर जाते आणि ती म्हणते, ‘काय सुंदर आहे गं!’ शिराझची तत्काळ ओढणी काढून हातात देते. ‘इट्स युवर्स.’ तुझीच आहे. इंग्रजीत याचा अर्थ एकच होतो, की ही तुला भेट दिली. पण फारसीत तिच्या मनात होता तो शब्द ‘पीशकेश’, आपल्या ‘पेशकश’चा भाऊ. वस्तूची कुणी स्तुती केली की ती पुढे करायची, ही रीत. तिचं खरं भाषांतर असं, ‘तुला आवडली हे ऐकून बरं वाटलं, माझ्यापेक्षा तुझा मान मोठा.’ उत्तरही ठरलेलं आहे. ‘तुलाच शोभते, तुझ्याच अंगावर राहू दे.’ ते न कळल्यामुळे ओढणी रिसोडला गेली, तर शिराझची एक शब्द बोलणार नाही, पण आजीनं दिलेली ओढणी म्हणून रात्री उशीत तोंड खुपसून रडेल.

वाटतं तितकं हे आपल्याला परकं नाही. वाशीमच्या एसटीत दोघी जावा चढल्या, की तिकिटावरून कशी झटापट होते ते आठवा. ‘मी काढते’, ‘नाही, मीच काढते’, कंडक्टर बिचारा दोन्ही नोटांकडे बघत उभा. दोघींनाही माहीत असतं, की मागच्या खेपेला कुणी काढलं होतं आणि आज कुणाची पाळी आहे. भांडण तिकिटाचं नसतं, मान राखण्याचं असतं. फरक एवढाच, की आपण ही झटापट नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाशी करतो. इराणात ती दुकानदाराशी आणि टॅक्सीवाल्याशीही होते. भाडं किती विचारलं तर टॅक्सीवाला म्हणतो, ‘काबेल नदारे’. म्हणजे तुमच्यापुढे त्याची काय किंमत, घेण्यालायक नाही. परदेशी प्रवासी याचं इंग्रजी ऐकतात, फुकट सोडलं असं समजतात, आभार मानून उतरतात, आणि मग टॅक्सीवाला मागून हाका मारतो. बरोबर रीत अशी, की ‘नाही, सांगाच’ असं दोन-तीनदा म्हणायचं, तो आकडा सांगतो, आपण पैसे द्यायचे. पैसे कधीच सुटलेले नसतात.

तापाची रात्र

ओढणी परत करता येते. पण एक चूक अशी आहे, की तिची भरपाई होत नाही. म्हणून ती जरा निवांत समजून घेऊ.

शिराझच्या मुलीला ताप भरला आहे. दोन दिवस कॉलेजला गेलेली नाही. रिसोडची दारात उभी राहून विचारते, ‘डू यू नीड एनीथिंग?’ आतून आवाज येतो, ‘नो, नो, थँक यू. प्लीज डोन्ट ट्रबल युवरसेल्फ.’ रिसोडची विचार करते, हिला एकटीला पडून राहायचं असेल, उगाच कशाला त्रास द्या. दार ओढून घेते आणि जाते.

आता आतल्या मुलीनं काय म्हटलं होतं? तिच्या डोक्यात वाक्य होतं, ‘ज़हमत नकेशीद’. तसदी घेऊ नका. तिच्या घरी आजारी माणूस हे वाक्य म्हणतो, तेव्हा ऐकणारी बाई स्वयंपाकघराकडे वळलेली असते. ते मदतीला दिलेला नकार नसतं, मदत येणार हे धरून आधीच मानलेले आभार असतात. शिराझची आता वाट बघतेय, की दुसऱ्यांदा कोणीतरी विचारेल. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. तिला वाटतं, पहिलं विचारणंही तोंडदेखलंच होतं. अंगात ताप, पोटात अन्न नाही, आणि वरून हा समज. इकडे रिसोडची आपण तिचा मान ठेवला म्हणून निश्चिंत झोपते. दोघीही चांगल्या, दोघींचंही इंग्रजी बरोबर, आणि मधे एक उपाशी रात्र.

हे टाळायचं कसं? अशा वेळी प्रश्न विचारायचाच नाही. ‘काही हवंय का?’ या प्रश्नाला तआरोफात एकच उत्तर आहे, ‘नको’. त्याऐवजी मुगाची मऊ खिचडी करून डबा हातात घेऊनच दार वाजवायचं. ती म्हणेल, ‘कशाला गं त्रास घेतलास!’ हे पहिलं ‘नको’. आपण म्हणायचं, ‘माझ्यासाठी केलीच होती, मूठभर डाळ-तांदूळ जास्त टाकले.’ ती म्हणेल, ‘नाही, मला लाज वाटते.’ हे दुसरं. तिसऱ्यांदा बोलायचं नाही, डबा टेबलावर ठेवून चमचा हातात द्यायचा. आपली आई अशा वेळी जे करेल तेच. औषधाचंही तसंच. ‘औषध आणू का?’ असं न म्हणता, ‘मी मेडिकलमध्ये चाललेच आहे, चिठ्ठी दे’ असं म्हणायचं. चिठ्ठी पुढे आली तर गरज होती, हे कळलंच.

मग पैशांची पाळी येते. औषधाचे तीनशे चाळीस रुपये झाले. शिराझची विचारते, किती झाले? आपली रिसोडची सवयीनं म्हणते, ‘राहू दे गं, नंतर बघू.’ इथे मात्र सावध. शिराझची हे तआरोफ समजणार, आणि तिच्या रीतीनं दोन-तीनदा विचारून पैसे देणारच. पहिल्यांदा ‘राहू दे’ म्हणायला हरकत नाही, पण तिसऱ्यांदा पैसे निमूट घ्यावेत. न घेतले तर तिच्यावर ओझं राहतं, आणि पुढच्या वेळी ती खरंच मदत मागणार नाही.

खरं ‘नको’ कसं ओळखायचं?

याचा अर्थ इराणी माणसाचं प्रत्येक ‘नको’ खोटं, असं धरून चालायचं का? मुळीच नाही. तशानं आपण तिच्या घशात घास कोंबणारी बाई होऊ. खरं आणि रीतीचं ‘नको’ यात फरक असतो आणि तो ऐकू येतो.

रीतीचं ‘नको’ गोलमोल असतं. ‘तुम्हाला त्रास’, ‘मला लाज वाटते’, ‘तुमचा वेळ जाईल’ असं त्यात सगळं आपल्याबद्दलच असतं, तिच्याबद्दल काहीच नसतं. खऱ्या ‘नको’ला कारण चिकटलेलं असतं. ‘उद्या सकाळी रक्त तपासायचंय, डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलंय’, ‘सहा वाजता मावसभाऊ जेवण घेऊन येतोय’. कारण आलं, वेळ आली, की थांबायचं. दुसरी खूण म्हणजे आवाज. रीतीचं ‘नको’ प्रत्येक फेरीला मऊ होत जातं. खरं ‘नको’ दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाही तसंच राहतं, किंवा अधिक थोडक्या शब्दांत येतं. तरीही शंका राहिलीच, तर सरळ म्हणावं, ‘तआरोफ नकोन’. हा शब्द तुमच्या तोंडून आला की समोरची हसते आणि बहुतेक वेळा खरं सांगते. बहुतेक वेळा म्हणायचं कारण असं, की ‘मी तआरोफ करत नाहीये’ हेसुद्धा कधी कधी तआरोफच असतं!

आमंत्रणालाही हीच फूटपट्टी. ‘कधीतरी घरी या नं’ हे आपल्याकडे जितकं खरं, तितकंच त्यांच्याकडे. पण दिवस सांगितला, वेळ सांगितली, तुम्ही मांस खाता की नाही हे विचारलं, आदल्या दिवशी फोन केला, तर भात शिजत टाकलाय असं समजा. आपल्याकडे पुण्याच्या आतिथ्यावर ‘जेवूनच आला असाल ना?’ असा विनोद करतात, तसा इराणी लोकांतही एक वाक्प्रचार आहे, ‘शाह अब्दुल अज़ीमी तआरोफ’. तेहरानच्या दक्षिणेला रे नावाचं जुनं शहर आहे, तिथे शाह अब्दुल अज़ीम यांचा दर्गा आहे. तेहरानचे भाविक दिवसभरासाठी यायचे आणि संध्याकाळी परतायचे. ते परतीच्या गाडीत बसायला निघाले, की तिथली ओळखीची मंडळी ‘राहा ना आज’ म्हणून आग्रह करायची, असं सांगतात. पाहुणा थांबणार नाही याची पूर्ण खात्री झाल्यावर केलेला आग्रह!

आणि कधी कधी पाहुणा थांबतोही. त्यासाठीही त्यांच्याकडे म्हण आहे. तिचा भावार्थ असा, की तआरोफ कधी लाभतो, कधी अंगाशी येतो. ‘घ्या ना’ म्हटलं आणि समोरच्यानं घेतलं, तर तक्रार करायची नाही. म्हणजे परक्यांचीच नाही, खुद्द इराणी माणसांचीही चूक होते. कित्येक तरुण मुलं-मुली या रीतीला कंटाळलेली असतात आणि जिवलग मैत्रिणींत ती पाळतही नाहीत. तुमची मैत्रीण पहिल्याच वेळी ‘हो, दे, भूक लागलीय’ म्हणाली, तर ती उद्धट झाली असं समजू नका. तिनं तुम्हाला घरातलं माणूस मानलं.

चौकट : ऐकू येतं ते आणि असतं ते

‘तुमच्या हाताला वेदना न होवो’ : फारसीत ‘दस्तेतून दर्द नकोने’. हातानं काही केलं किंवा दिलं, की म्हणायचे आभार. हाताला काही लागलेलं नसतं. ‘दस्त’ म्हणजे हात, आपल्या दस्तऐवजातला.

‘तुमची जागा रिकामी होती’ : ‘जातून खाली’. लग्नाला, सहलीला तुम्ही नव्हता, तुमची आठवण झाली. बोलावलं का नाही, असा राग धरू नये. तुमची उणीव भासली, एवढंच.

‘तुमचं पाऊल माझ्या डोळ्यावर’ : येणार म्हणालात, आनंद झाला, अवश्य या. डोळा म्हणजे ‘चेश्म’, आपल्या चष्म्यातला.

‘मी तुमची चाकर’ : ‘चाकेरम’. मैत्रीतलं, खेळीमेळीचं, जास्त करून पुरुषांच्या तोंडचं बोलणं. यावर ‘मीही’ म्हणावं, काम सांगू नये!

‘आता तुम्हाला त्रास देत नाही’ : ‘मोज़ाहेम नेमीशम’. निघते, किंवा फोन ठेवते. आपण निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो, तसंच. यावर एकदा तरी ‘बसा ना अजून’ म्हणावंच.

लेक पुण्याला निघाली, की आपण तिच्या डब्यात लाडू-चिवडा भरतो आणि वर बजावतो, ‘सगळ्यांना दे, पण हावरटासारखं कुणाकडे मागू नको.’ समोरच्या खोलीत शिराझची किंवा इस्फहानची मुलगी असेल, तर तिलाही तिच्या आईनं हेच सांगून पाठवलेलं असतं. म्हणून लाडवाचा डबा समोर धरा, आणि पहिल्या ‘नो, थँक यू’ला मागे घेऊ नका. निदान तीनपर्यंत मोजा.